विकलेल्या पेन्शनचा हिशेब

प्रस्तावना

केंद्र सरकारचा कर्मचारी साठीला निवृत्त होतो तेव्हा त्याच्यापुढे सह्यांसाठी जे कागद येतात, त्यात एक प्रश्न असतो: पेन्शनचा काही भाग विकायचा आहे का, आणि असेल तर किती? नियमांच्या भाषेत याला निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण म्हणतात. कचेरीत मात्र सगळे ‘कम्युटेशन’ म्हणतात, नाहीतर सरळ ‘पेन्शन विकणे’. मूळ पेन्शनचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग विकता येतो. त्याबदल्यात सरकार एकरकमी पैसे देते आणि पुढची १५ वर्षे तेवढी रक्कम दरमहा पेन्शनमधून कापून घेते. १५ वर्षे पुरी झाली की कापलेला भाग पुन्हा सुरू होतो.

पैशाचे काळमूल्य हा या पुस्तकाचा विषय. आज हातात येणारा रुपया उद्याच्या रुपयापेक्षा जास्त मोलाचा का, किती जास्त, आणि ते मोजायचे कसे, हे पुढच्या प्रकरणांत टप्प्याटप्प्याने येईल. या प्रस्तावनेत मी पेन्शन विक्रीचे एकच उदाहरण घेणार आहे. कारण या विषयात जे काही चुकते आणि ज्यावरून भांडणे होतात, ते जवळजवळ सगळे या एका व्यवहारात सापडते. शिवाय हा निर्णय खऱ्या माणसांना, खऱ्या पैशांचा आणि आयुष्यात एकदाच घ्यावा लागतो.

आकडे समोर ठेवू. मूळ पेन्शन ५०,००० रुपये. ४० टक्के विकायचे ठरवले, म्हणजे दरमहा २०,००० रुपये. सरकारी कोष्टकात निवृत्त होणाऱ्याच्या पुढच्या वाढदिवसाच्या वयासमोर एक आकडा दिलेला असतो. साठीला निवृत्त होणाऱ्याचा पुढचा वाढदिवस ६१ वा, आणि ६१ समोरचा आकडा आहे ८.१९४. विकलेली वार्षिक पेन्शन गुणिले हा आकडा, की विक्रीची रक्कम निघाली. २०,००० गुणिले १२ गुणिले ८.१९४, म्हणजे १९,६६,५६० रुपये. दुसऱ्या बाजूला १५ वर्षांचे १८० महिने आणि महिन्याला २०,००० रुपये, म्हणजे एकूण कपात ३६ लाख.

निवृत्तांच्या कोणत्याही बैठकीत या आकड्यांवर दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले: ‘सरकार वीस लाख देतं आणि छत्तीस लाख उकळतं.’ दुसरे जरा हिशेबी माणसाचे: ‘आठ वर्षं दोन महिन्यांत सरकारचे पैसे फिटतात, मग पुढची सात वर्षं कशाबद्दल कापतात?’ दोन्ही वाक्यांतली बेरीज बरोबर आहे. फक्त ती बेरीज करायलाच नको होती.

पहिल्या महिन्यात कापलेले २०,००० आणि पंधराव्या वर्षाच्या शेवटी कापलेले २०,००० यांच्यावर छापलेली रक्कम एकच असली, तरी निवृत्तीच्या दिवशी उभे राहून पाहिले तर त्यांचे मोल एक नाही. याची कारणे तीन आहेत आणि ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत. पहिले कारण कमाईचे: आज हातात असलेला पैसा मधल्या काळात व्याज मिळवू शकतो किंवा एखादे व्याजाचे कर्ज फेडू शकतो. दुसरे महागाईचे: पंधरा वर्षांनी त्याच नोटांत कमी किराणा येतो. तिसरे अनिश्चिततेचे: मधल्या काळात घेणारा, देणारा किंवा नियम, यांपैकी काहीतरी बदलू शकते. पुष्कळ जण फक्त महागाईचे कारण धरून बसतात. पण महागाई शून्य असलेल्या देशातही आजचा रुपया उद्याच्यापेक्षा महागच असतो, कारण तिथेही कोणाला तरी तो आज हवा असतो आणि त्यासाठी तो व्याज द्यायला तयार असतो. अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९३० साली व्याजाच्या सिद्धांतावरील ग्रंथात व्याजाची मुळे दोन ठिकाणी दाखवली. एक माणसाच्या अधीरतेत, दुसरे पैसा गुंतवून वाढवण्याच्या संधीत.

मोजायची रीत सोपी आहे. चक्रवाढ व्याज आपल्याला शाळेपासून माहीत असते. आजची रक्कम पुढे नेताना आपण तिला व्याजाने गुणतो. आता तोच रस्ता उलटा चालायचा: पुढची रक्कम आज आणताना तेवढ्याच व्याजाने भागायचे. यालाच वटवणे म्हणतात, ज्या दराने भागायचे तो वटाव दर, आणि जे उत्तर येते ते त्या रकमेचे वर्तमान मूल्य. वर्षाला ८ टक्के दर महिन्यांत वाटून घेतला, तर पहिल्या महिन्याच्या २०,००० चे आजचे मूल्य १९,८६८ रुपये होते. पाच वर्षांनंतरच्या हप्त्याचे मूल्य १३,४०० च्या आसपास येते, दहा वर्षांनंतरच्याचे सुमारे ९,०००. आणि अगदी शेवटच्या, १८० व्या हप्त्याचे मूल्य उरते ६,०४८ रुपये.

हेच पाच-पाच वर्षांच्या तुकड्यांत पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. प्रत्येक तुकड्यात कपात तितकीच, १२ लाखांची. पहिल्या १२ लाखांचे आजचे मूल्य ९ लाख ८६ हजार, दुसऱ्याचे ६ लाख ६२ हजार, तिसऱ्याचे ४ लाख ४४ हजार. मिळून जवळजवळ २० लाख ९३ हजार. म्हणजे ज्या ३६ लाखांचा गवगवा होतो, त्यांची ८ टक्के दराने आजची किंमत २१ लाखांच्या आत आहे. सरकार त्यापोटी देते १९ लाख ६७ हजार. फरक १६ लाखांचा नसून सव्वा लाखाचा आहे. हा सव्वा लाख कुठे जातो, ते पुढे पाहू.

ज्याला पडताळून पाहायचे असेल त्याने संगणकावरील कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये ही दोन सूत्रे टाकावीत. पहिले आजचे मूल्य काढते. दुसरे उलट प्रश्न विचारते: आज १९,६६,५६० घेऊन १८० महिने २०,००० फेडायचे असतील, तर वर्षाला व्याज किती पडले?

```
=PV(8%/12, 180, -20000)
=RATE(180, -20000, 1966560)*12
```

दुसऱ्याचे उत्तर ९.०५ टक्क्यांच्या जवळ येते. माझ्या मते पेन्शन विकणाऱ्याने लक्षात ठेवायचा आकडा हाच आहे. ‘किती दिले आणि किती घेतले’ हा प्रश्न सोडून ‘हे पैसे मला किती टक्क्यांनी पडले’ हा प्रश्न विचारला, की तो आकडा बँकेच्या, पोस्टाच्या किंवा घरकर्जाच्या दराशेजारी ठेवून तुलना करता येते.

दुसऱ्या वाक्याचाही, म्हणजे ‘आठ वर्षांत फिटले’ याचाही, आता निकाल लावता येतो. आठ वर्षे दोन महिन्यांत फिटते ते बिनव्याजी मुद्दल, शून्य टक्क्याने. दर ६ टक्के धरला तर रक्कम फिटायला ११ वर्षे ४ महिने लागतात. ७ टक्क्यांनी १२ वर्षे आणि जेमतेम तीन महिने. ८ टक्क्यांनी १३ वर्षे ४ महिने. ९ टक्क्यांच्या किंचित वर गेलो की पूर्ण १५ वर्षे. निवृत्तांच्या संघटना कपातीची मुदत १५ वरून १२ वर्षे करा अशी मागणी बरीच वर्षे करत आल्या आहेत. पाचव्या वेतन आयोगानेही १२ वर्षांची शिफारस केली होती, पण सरकारने ती मानली नाही. आपल्या हिशेबात १२ वर्षांची मुदत म्हणजे ६.८ टक्के दर. थोडक्यात, एक बाजू १५ म्हणते आणि दुसरी १२ म्हणते तेव्हा भांडण वर्षांचे दिसते, पण ते असते ९ टक्के की ६.८ टक्के याचे. दर उच्चारलाच जात नाही, म्हणून हा वाद तर्काने सुटत नाही.

दोन्ही बाजूंच्या पैशांतला फरकही वाटतो त्याहून लहान आहे. शेवटच्या तीन वर्षांची कपात ७ लाख २० हजारांची, पण ८ टक्के दराने निवृत्तीच्या दिवशी तिचे मूल्य सुमारे २ लाख ४५ हजार. लहान म्हणजे क्षुल्लक नव्हे. पण सभेत ७ लाख २० हजार सांगणारा आणि फायलीत अडीच लाख मांडणारा एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात, एवढे तरी दोघांना कळायला हवे.

आता त्या सव्वा लाखाकडे वळू. वर आपण गृहीत धरले की निवृत्त माणूस पंधरा वर्षे नक्की जगणार. सरकारला तसे धरता येत नाही. पेन्शन विकलेला माणूस चार वर्षांत गेला, तर तोवर कापले गेले असतात फक्त ९ लाख ६० हजार. उरलेली रक्कम कुटुंबाकडून वसूल होत नाही, आणि पत्नीला किंवा पतीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतनही विक्रीमुळे कमी होत नाही. म्हणजे या कर्जाला, कर्ज म्हणायचे तर, आयुर्विमा जोडलेला आहे. त्या विम्याचा हप्ता कुठेतरी बसणारच, आणि तो कोष्टकातल्या आकड्यात बसलेला आहे. सध्याचे कोष्टक ८ टक्के व्याज आणि आयुर्विमा महामंडळाची १९९४ ते ९६ ची मृत्युदर सारणी, या दोन गोष्टी एकत्र करून बनवले आहे. प्रत्येक पुढच्या हप्त्याला दोनदा भागलेले असते. एकदा व्याजासाठी, आणि एकदा तो हप्ता कापायला माणूस हयात असण्याच्या शक्यतेसाठी.

ही दुहेरी भागणी नवी नाही. सतराव्या शतकात युरोपातली सरकारे युद्धासाठी पैसा उभा करताना लोकांकडून एकरकमी घेत आणि त्यांना तहहयात वर्षासन देत. म्हणजे आपल्या व्यवहाराची उलटी बाजू. त्या काळी वर्षासनाचा भाव घेणाऱ्याचे वय न पाहताच ठरे. वीस वर्षांच्या तरुणाला आणि साठीच्या म्हाताऱ्याला एकच भाव, त्यामुळे शहाणे लोक लहान मुलांच्या नावाने वर्षासने घेत. १६७१ मध्ये हॉलंडचे राज्यकर्ते योहान डी विट यांनी मृत्यूची शक्यता आणि व्याज एकत्र धरून वर्षासनाची किंमत मांडली. १६९३ मध्ये धूमकेतूवाले एडमंड हॅली यांनी ब्रेस्लाउ शहरातील जन्म-मृत्यूच्या नोंदी घेऊन वयानुसार कोष्टकच तयार केले. ६ टक्के व्याजाने साठीच्या माणसाच्या तहहयात वर्षासनाची त्यांनी काढलेली किंमत होती ७.६० वर्षांच्या रकमेइतकी. आपला ८.१९४ हा त्याच जातीचा आकडा. व्याज जास्त धरले की असा आकडा कमी व्हायला हवा, आणि आपले कोष्टक हॅलींपेक्षा दोन टक्के जास्त व्याज धरते. तरीही आपला आकडा मोठा आहे, कारण आजचा साठीचा माणूस ब्रेस्लाउच्या साठीच्या माणसापेक्षा बराच जास्त जगतो. एका आकड्यात व्याज आणि आयुष्य कसे एकमेकांविरुद्ध ओढतात, ते इथे दिसते.

हॅलींचे कोष्टक तहहयात वर्षासनाचे होते, आणि आपलेही मुळात तसेच आहे. पूर्वी विकलेली पेन्शन कायमची गेली, असाच नियम होता. सत्तर-ऐंशी वर्षे जगलेल्यांच्या पेन्शनमधून सरकार मरेपर्यंत कापत राही. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने केलेल्या याचिकेवर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय झाला आणि १५ वर्षांनंतर पेन्शन पूर्ववत करण्याची मुदत पक्की झाली. व्याजासह रक्कम त्याआधी फिटते, असा युक्तिवाद तेव्हाही झाला होता. न्यायालयाने लवकर मरणाऱ्यांमुळे येणाऱ्या जोखमीचा भार लक्षात घेऊन १५ वर्षे योग्य ठरवली. यातून एक गंमत झाली आहे. कोष्टक किंमत लावते जन्मभराच्या विक्रीची, पण प्रत्यक्षात विक्री होते फक्त १५ वर्षांची. कोष्टकाच्याच तर्काने पाहिले तर इथे सरकार थोडे जास्त देते. हे मान्य करूनही निवृत्तांना एक खरे उत्तर आहे: नव्वदच्या दशकातली मृत्युदर सारणी आणि ८ टक्के व्याज या दोन्ही गोष्टी आज तपासून पाहण्याजोग्या आहेत. सारणी जुनी झाली की ती लोकांना खऱ्यापेक्षा लवकर मारते, आणि त्यामुळे आकडा कमी येतो.

दराचा जोर किती असतो, हे २००८ मध्ये अनेकांनी खिशातून अनुभवले. सहाव्या वेतन आयोगाच्या अंमलबजावणीत जुने कोष्टक जाऊन नवे आले. जुने ४.७५ टक्के व्याजावर उभे होते आणि त्यात ६१ समोर ९.८१ हा आकडा होता. त्या कोष्टकाने आपल्या २०,००० रुपयांचे २३,५४,४०० मिळाले असते. नव्याने १९,६६,५६०. तेच वय, तीच पेन्शन, पण जवळजवळ ३ लाख ८८ हजारांचा फरक. कपातीची मुदत मात्र दोन्ही वेळी १५ वर्षेच राहिली. जुन्या आकड्याने हे पैसे विकणाऱ्याला सुमारे ६.१ टक्क्यांनी पडत होते, नव्याने ९.०५ टक्क्यांनी. १२ वर्षांच्या मागणीला पुन्हा धार आली तर त्यात नवल नाही: १५ वर्षांची मुदत ज्या आकड्याच्या काळात पक्की झाली, तो आकडाच बदलला.

इथवर आपण सरकारच्या बाजूने पाहिले. निवृत्त माणसाचा प्रश्न वेगळा: मी विकावी की नाही? इथे सर्वांत जास्त चूक होते ती अशी, की तो सरकारच्या ८ टक्क्यांनीच स्वतःचे पैसे मोजतो. वटाव दर ही पैशाची अंगभूत गोष्ट नाही. ज्याच्या हातात पैसे पडणार, त्याला ते दुसरीकडे किती मिळवून देतील यावर तो ठरतो. एकाच कागदावर दोन माणसांची उत्तरे उलट येऊ शकतात.

पहिला निवृत्त आयकराच्या कक्षेत येत नाही असे समजू. तो मिळालेले १९ लाख ६७ हजार ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवतो. या योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. पंधरा वर्षे हाच दर मिळत राहिला असे उदारपणे धरू, आणि कापले गेलेले २०,००० तो दरमहा या रकमेतून काढतो असेही धरू. हे पैसे १३ वर्षे आणि सात-आठ महिन्यांत संपतात. त्याची पूर्ण पेन्शन सुरू व्हायला अजून सव्वा वर्षाहून जास्त काळ उरलेला असतो. ९.०५ ने घेतलेले पैसे ८.२ ने गुंतवले की दुसरे काही होऊ शकत नाही. त्याने फक्त गुंतवण्यासाठी पेन्शन विकू नये. हीच रक्कम त्याने ३ टक्के देणाऱ्या बचत खात्यात पडू दिली, तर त्याच्या लेखी विकलेल्या पेन्शनचे मूल्य २९ लाखांच्या जवळ जाते, आणि तोटा ९ लाखांचा होतो.

दुसऱ्या निवृत्ताला दुसरीही मिळकत आहे आणि त्याच्या उत्पन्नाच्या वरच्या भागावर २० टक्के कर बसतो. त्याच्यासाठी दोन गोष्टी बदलतात. सरकारी कर्मचाऱ्याला पेन्शन विक्रीची रक्कम पूर्णपणे करमुक्त मिळते, पण दरमहाची पेन्शन करपात्र असते. त्याने सोडलेल्या २०,००० पैकी त्याच्या हातात एरवी १६,००० च पडले असते. १६,००० सोडून १९,६६,५६० मिळाले तर दर येतो साडेपाच टक्क्यांच्या आत. बचत योजनेचे ८.२ टक्के कर वजा जाता साडेसहा टक्के उरतात. साडेपाचने घेऊन साडेसहाने गुंतवणे हा फायद्याचा सौदा. पहिल्याने ज्या कारणासाठी विकू नये, त्याच कारणासाठी दुसऱ्याने विकावी. ज्याच्या डोक्यावर १२ टक्क्यांचे कर्ज आहे त्याने तर कर असो वा नसो, विकून कर्ज फेडावे. इथे कर्जाचा दर हाच त्याचा वटाव दर होतो.

महागाईचे काय, हा प्रश्न इथे वाचकाच्या मनात येईल, आणि याच ठिकाणी जाणकारही घसरतात. पेन्शनवर मिळणारा महागाई भत्ता विक्रीनंतरही मूळ पूर्ण पेन्शनवरच मोजला जातो. पुढे वेतन आयोगाने पेन्शन वाढवली तरी कपात तेवढीच, २०,००० रुपयांचीच राहते. म्हणजे सोडलेली रक्कम ही नुसत्या रुपयांत ठरलेली आहे, ती महागाईबरोबर वाढत नाही. म्हणून ती वटवताना बाजारात सांगितला जातो तोच दर वापरायचा, महागाई वजा करून उरलेला नव्हे. बँकेच्या ७ टक्क्यांतून महागाईचे ५ काढून २ टक्क्यांनी हे हप्ते वटवले, तर विकलेल्या पेन्शनची किंमत विनाकारण फुगते. नियम साधा आहे: रक्कम महागाईबरोबर वाढणारी असेल तर दरातून महागाई काढा, रक्कम गोठलेली असेल तर दर जसाच्या तसा ठेवा. दोन्हींची सरमिसळ झाली आहे का, हे ओळखण्याची खूण म्हणजे उत्तर भलतेच मोठे किंवा भलतेच लहान येणे.

या हिशेबाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पंधरा वर्षे एकच दर टिकेल हे गृहीतक सोयीचे आहे, खरे नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मुदतच पाच वर्षांची असते, नंतर नव्या दराने पैसे ठेवावे लागतात. कराचे टप्पे बदलतात. आणि कोष्टकातला मृत्युदर हा लाखो लोकांचा असतो, एका माणसाचा नसतो. ज्याला गंभीर आजार आहे, त्याच्यासाठी विक्री कोष्टक दाखवते त्यापेक्षा बरीच फायद्याची असते. ज्याच्या घरात सगळे नव्वदी गाठतात, त्याच्यासाठी ती कमी फायद्याची. निवृत्तीनंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही, त्यामुळे ही माहिती फक्त अर्जदाराकडे असते. सरकारच्या आकड्यात ती नसते.

आणखी एक मर्यादा हिशेबाबाहेरची आहे. मुलीचे लग्न, घराचे उरलेले पैसे, आजारपणासाठी हाताशी असावी अशी रक्कम, यांसाठी कोणी विकत असेल, तर ९.०५ टक्के हा त्या सोयीचा भाव आहे. भाव माहीत असताना घेतलेला निर्णय आणि ‘सगळेच विकतात म्हणून’ भरलेला कागद, यांत मला एवढाच फरक दिसतो.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात चक्रवाढ व्याज आणि त्याची उलट क्रिया, म्हणजे एकाच रकमेचे वर्तमान मूल्य. दुसऱ्या भागात हप्त्यांच्या रांगा: कर्जाचे हप्ते, आवर्ती ठेवी, पेन्शन. तिसऱ्या भागात दर कसा निवडावा, कर आणि महागाई कुठे धरायची आणि कुठे नाही, याची उदाहरणे. चौथ्या भागात अनिश्चितता येते: मृत्यू, बुडित कर्ज, आणि पैसे मिळतीलच याची खात्री नसताना करायचा हिशेब. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सोडवण्यासाठी गणिते आहेत. वाचकाने स्वतःची कर्जाची किंवा विम्याची कागदपत्रे घेऊन ती सोडवावीत, अशी अपेक्षा आहे.

वाचताना एक सवय लावून घेतली तर पुस्तकाचा अर्धा उपयोग तिथेच झाला. ‘आज इतके भरा, पुढे इतके मिळतील’ असे कोणी सांगितले, की दोन रकमांची वजाबाकी करायला लागू नये. आधी प्रत्येक रकमेसमोर तिची तारीख लिहावी. मग त्या तारखांमधून निघणारा दर काढावा. आणि तो दर आपल्याला दुसरीकडे मिळणाऱ्या किंवा द्याव्या लागणाऱ्या दराशेजारी ठेवावा. तारखा नसलेल्या आकड्यांवर सही करू नये.